गिऱ्हाइकाच्या स्टोअरचा साठा पुरवठादाराने भरायचा, तर पातळी किती?

प्रश्न: शिरोलीतल्या मशीन शॉपला कार्बाइड इन्सर्ट पुरवतो. त्यांच्या स्टोअरमध्ये माल मीच भरत राहीन, असा प्रस्ताव द्यायचाय. पातळी किती धरू?

दोन फेऱ्यांमधले दिवस, माल पोचायचे दिवस आणि थोडे राखीव दिवस यांची बेरीज करून तिला रोजच्या खपाने गुणा. बरेचजण फेरीचे दिवस विसरतात, आणि मग शनिवारी फोन येतो. समजा रोज २० नग लागतात, तुमची फेरी आठवड्याला (कामाचे ६ दिवस), माल २ दिवसांत पोचतो, राखीव २ दिवस: पातळी २०० नग. फेरीला रॅकमध्ये ८० दिसले तर १२०, म्हणजे दहाच्या १२ डब्या. त्या पोचतील तेव्हा जुने ४० उरलेले असतील. उरलेले त्याहून फारच कमी दिसू लागले, तर खप वाढलाय, पातळी बदला. आम्ही गोकुळ शिरगावात असंच भरतो. मोजणी मात्र स्टोअरकीपरसमोर, त्याच्या सहीने.

एक अडचण आहे. जॉब बंद पडला की तो ग्रेड तसाच पडून राहतो. सीलबंद डब्या कोण परत घेणार आणि बिल माल ठेवल्यावर की वापरल्यावर, हे प्रस्तावातच लिहा.