प्रलंबित कामांचा साप्ताहिक आढावा कसा घ्यावा?

प्रश्न: इंदूरमध्ये आमच्या मराठी मंडळाच्या कार्यकारिणीची बैठक दर रविवारी होते. मिनिट्स व्यवस्थित लिहिले जातात, तरी तीच तीच कामं महिनोन्महिने प्रलंबित राहतात. बैठक चालवायची कशी?

उत्तर: आधी तुमच्या मिनिट्सची भाषा बघा. 'वीज कंपनीकडे अर्ज करण्यात यावा', 'हॉलच्या गळतीकडे लक्ष द्यावे असे ठरले'. आपल्याकडे इतिवृत्त असंच लिहायची रीत आहे, आणि अशा वाक्यात करणारा माणूसच नसतो. पुढच्या रविवारी विचारायचं तरी कोणाला?

दुसरी अडचण विषयपत्रिकेत आहे. 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे' हा पहिला विषय झाला की आढावा झाला असं सगळे धरून चालतात. पण कायम करणं म्हणजे नोंद बरोबर आहे एवढंच मान्य करणं. काम झालं की नाही, हे त्यात कुणी विचारत नाही. म्हणून त्याच्या लगेच खाली 'मागील निर्णयांवरील कार्यवाही' हा वेगळा विषय घाला आणि त्याला वीस मिनिटं द्या. चहा-पोहे त्यानंतर, कारण एकदा बशा फिरल्या की माणसं पांगतात.

सुरुवातीला एकदाच, सचिवांनी मागच्या तीन महिन्यांचे मिनिट्स काढून 'यावे', 'द्यावे', 'ठरले' असं संपणारं प्रत्येक वाक्य एका वहीत उतरवावं. रकाने पाच पुरेत: क्रमांक, काम, कोण, कधीपर्यंत, स्थिती. क्रमांकात बैठकीचा आकडा ठेवा. सातव्या बैठकीतलं तिसरं काम म्हणजे ७/३, आणि संपेपर्यंत तो क्रमांक बदलायचा नाही. अकराव्या बैठकीत ७/३ वाचलं की चार आठवडे गेले, हे वेगळं सांगावं लागत नाही. वाचताना सर्वांत जुनं काम आधी घ्या.

आता एक नोंद घेऊन बघू. '७/३: गणेशोत्सवाच्या मंडपाच्या विजेचे बघणे. उत्सव समिती.' यात दोन चुका आहेत. 'बघणे' कधी संपतं ते कळत नाही, आणि समितीला फोन लावता येत नाही. ती अशी लिहा: 'तात्पुरत्या वीजजोडणीचा अर्ज झोन कार्यालयात देऊन त्याची पोच फाइलला लावणे. कोषाध्यक्ष. शुक्रवारपर्यंत.' आता काम झालं की नाही, हे फाइल उघडून कळतं. कोषाध्यक्षांनी स्वतः झोनवर जायलाच हवं असं नाही, कुणालाही पाठवू देत. जबाबदार म्हणजे रविवारी उत्तर देणारा एक माणूस. दोन नावं लिहिलीत तर दोघंही दुसऱ्यानं केलं असेल असं समजतात. मुदत शुक्रवारची ठेवली की शनिवारी आठवण करता येते आणि हातात एक दिवस उरतो.

आढाव्यात ज्याचं नाव आहे त्यानंच बोलायचं, आणि उत्तरं तीनच: झालं, अमुक तारखेला होईल, किंवा रद्द करा. 'चालू आहे' हे उत्तर घेऊ नका. 'कंपनीकडून अजून एस्टिमेट आलं नाही' असं आलं, तर काम कंपनीच्या नावावर ढकलू नका. 'सोमवारी झोनवर जाऊन एस्टिमेट आणणे' अशी नोंद त्याच क्रमांकाखाली, त्याच माणसाच्या नावावर करा.

तारीख एकदा पुढे गेली तर चालतं. दुसऱ्यांदा गेली की तिसरी तारीख न देता विचारा: काम फार मोठं आहे का, हातात पैसे किंवा अधिकार नाहीत का, की ते कुणाला नकोच आहे? मोठं असेल तर तोडा, अधिकार नसेल तर तिथल्या तिथे मंजुरी द्या, नको असेल तर रद्द लिहा. रद्द करायला संकोच वाटतो, पण मेलेल्या नोंदींनी वही भरली की लोक जिवंत नोंदीही ऐकेनासे होतात.

वीस मिनिटं हमखास बिघडतात ती चर्चेमुळे. गळतीचं नाव निघालं की कंत्राटदार, दर, मागच्या वर्षीचा हिशोब, सगळं निघतं. अध्यक्षांनी तिथेच थांबवून तो मुद्दा पुढच्या विषयांत टाकावा.

नाव देताना आपल्या मंडळांत एक गोष्ट फार होते: ज्येष्ठांचं नाव मानानं लिहिलं जातं आणि गैरहजर माणसाचं सोयीनं. दोन्ही टाळा. काका-काकूंना सल्ल्यासाठी जरूर धरा, पण धावपळीच्या कामाला नाव दुसऱ्याचं हवं. गैरहजर सभासदाला तिथूनच फोन लावा, तो हो म्हणाला तरच लिहा. ज्यानं काम घेतलं त्याला काम आणि तारीख स्वतःच्या तोंडानं म्हणायला लावा, आणि सचिवांनी तेच शब्द लिहावेत. समजुतीतला फरक असेल तर तो तिथेच उघडा पडतो.

उठण्याआधी नावं मोजा. एकाच्या नावावर चारांहून जास्त कामं असतील (बहुतेक वेळा ते सचिवच असतात), तर तिथेच वाटून द्या. त्याच रात्री वहीच्या त्या पानाचा फोटो ग्रुपवर टाका. पूर्ण मिनिट्स दोन दिवसांनी आले तरी चालतात.