बाईकच्या मागच्या टायरला सॉफ्ट कंपाउंड घ्यावं का?

प्रश्न: "रोज ऑफिसला जाऊन-येऊन ४० किमी होतात, बहुतेक सरळ रस्ता. मागचा टायर संपलाय. दुकानदार म्हणतो सॉफ्ट घ्या, ग्रिप एक नंबर. पण तो लवकर झिजतो म्हणे, शिवाय महागही आहे. काय करू?"

कंपाउंड म्हणजे टायरच्या रबराचं मिश्रण. मागे हार्ड किंवा कडक-मऊ दोन्ही रबरांचं ड्युअल कंपाउंड घ्या. सॉफ्टवर पैसे घालायचेच असतील तर ते पुढच्या टायरवर घाला.

मऊ रबर रस्त्याच्या बारीक खरखरीत जास्त रुततं, म्हणून धरून ठेवतं. आणि त्याच ओढाताणीत त्याचा थर लवकर जातो. म्हणजे ग्रिप आणि झीज एकाच कारणातून येतात. सिलिका घातलेल्या कंपाउंडमुळे ओल्या रस्त्यावरची पकड फार झीज न वाढता सुधारते, पण ते फुकट मिळत नाही, किंमत वाढते.

तुमचा हिशोब मांडून बघू. आकडे फक्त अंदाजासाठी. समजा हार्ड टायर १८,००० किमी चालला आणि सव्वापट किमतीचा सॉफ्ट १०,००० किमी. दर किलोमीटरचा खर्च सव्वापट नाही, सव्वादोनपट झाला. टायर बसवण्याची मजुरी वेगळी, तीही जास्त वेळा. दुकानात आपण फक्त पहिला सव्वा बघतो.

आणि या जास्तीच्या पैशातून मिळतं काय? सरळ रस्त्यावर मागच्या टायरचा मधला पट्टाच इंजिनाचा जोर रस्त्यावर उतरवतो, आणि झिजतोही तोच. कडेचं मऊ रबर वळणात गाडी झुकल्यावरच कामाला येतं. ड्युअल कंपाउंडमध्ये मध्ये कडक आणि कडेला मऊ असतं ते याचसाठी. मधला पट्टा सपाट झाला की गाडी वळणात आधी अडते आणि मग एकदम पडल्यासारखी झुकते. असं जाणवलं तर खोबणी शिल्लक असली तरी टायर बदला. ट्रॅकसाठीचे चिकट टायर तर विसराच. ते तापल्याशिवाय नीट धरत नाहीत, आणि ऑफिसच्या रस्त्यावर ते तेवढे तापत नाहीत.

पुढच्या टायरचं गणित वेगळं. जोरात ब्रेक लावला की वजन पुढे येतं आणि थांबवण्याचं बहुतेक काम पुढचा टायर करतो. इंजिनाचा जोर त्याच्यावर नसतो, म्हणून मऊ असूनही तो मागच्यापेक्षा बराच जास्त टिकतो. तिथे सॉफ्ट परवडतं. फक्त गाडीच्या मॅन्युअलमधली साइज घ्या आणि कंपनीने सांगितलेली पुढची-मागची जोडी मोडू नका.

घेताना टायरच्या बाजूवर DOT च्या ओळीच्या शेवटचे चार आकडे वाचा. २३२४ म्हणजे टायर २०२४ सालच्या २३व्या आठवड्यात बनला. रबर पडून पडून कडक होतं, त्यामुळे तीन-चार वर्षं गोदामात राहिलेला सॉफ्ट टायर पूर्ण किमतीला घेऊ नका.