संत्रा बागायतदारांसाठी लिहिताना ‘तुम्ही’ की ‘आपण’?

प्रश्न: काटोल-नरखेडकडच्या संत्रा बागायतदारांसाठी लेख लिहितो. वाचकांना ‘तुम्ही’ म्हणू की ‘आपण’?

उत्तर: ‘तुम्ही’च ठेवा. ‘आपण’ आदराचं आहे, पण त्याचा अर्थ ‘तुम्ही’ही होतो आणि ‘आपण सगळे’ही. मी एकदा लिहिलं होतं, “आंबिया बहारासाठी आपण डिसेंबरात बागेचं पाणी तोडू.” एका काकांचा फोन आला, “तुमची पण बाग आहे का जी?” माझी कुठली बाग, नागपुरात दोन कुंड्या! “तुम्ही पाणी तोडा” लिहिलं असतं तर घोळच नव्हता. ‘आपण’ दोघांचं मिळून काही असेल तिथेच: “आता आपण ताणाचा हिशोब पाहू.”

‘तू’ नको, वाचक वडिलांच्या वयाचे असतात.

खरी गोची क्रियापदात होते. पुण्याकडचं ‘तुम्ही पाणी दिलंत का’ इकडे परकं वाटतं. आपल्याकडे ‘दिलं का’ म्हणतात, तेच लिहा. मात्र ‘देऊन राहिले’ फक्त कुणाचं बोलणं देताना. सल्ल्याच्या वाक्यात ते आलं की नक्कल केल्यासारखं वाटतं. शेवटी मोठ्यानं वाचा: वर ‘तुम्ही’ आणि खाली ‘आपण फवारावे’ झालं असेल तर कानाला लगेच खटकेल.