डिझायनर न नेमता लोगो आणि रंग
घरगुती मसाल्यांची वेबसाइट काढतेय. डिझायनर न घेता लोगो आणि रंग कसे ठरवू?

चित्राच्या नादी लागू नका, नावच नीट लिहा. गूगल फॉन्ट्सवरचा 'बलू २' मोफत आहे आणि देवनागरीत छान ठसठशीत दिसतो. इंकस्केप या मोफत ड्रॉइंग सॉफ्टवेअरमध्ये नाव टाइप करून `Path > Object to Path` करा, मग एसव्हीजी म्हणून ठेवा. नाहीतर तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर अक्षरांचं वळणच बदलतं. ब्राउझरच्या टॅबसाठी फक्त पहिलं अक्षर घ्या, १६ पिक्सेलांत अख्खं नाव वाचता येत नाही.

रंग तीन पुरेत: मजकुराला सुक्या मिरचीचा `#7A1F1F`, पार्श्वभूमीला `#FFF8EC`, बटणाला हळदीचा `#F2B705`. हळदीवर पांढरी अक्षरं मात्र नकोत. तिथे कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षरं आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक, जेमतेम १.८ येतो, साध्या मजकुराला किमान ४.५ लागतो. तीच अक्षरं मिरचीच्या रंगात लिहिली की ५.६५ मिळतो.