ईसीजीच्या कागदावर मशीन काय काय छापतं

प्रश्न (निपाणी): वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलंय, वय ६३. फिटनेससाठी ईसीजी काढला तर वर छापून आलंय 'सेप्टल इन्फार्क्ट, एज अनडिटरमाइन्ड'. बाबांच्या छातीत कधी दुखलेलंच नाही, मग अटॅक कधी आला?

आधी एक सांगतो, त्यातलं 'एज' बाबांचं वय नव्हे, अटॅक जुना की नवा ते कळत नाही एवढंच मशीनला म्हणायचंय. आणि अटॅक आलाच होता असंही यावरून ठरत नाही. व्ही१ आणि व्ही२ या दोन लीडमध्ये, म्हणजे कागदावरच्या त्या नावाच्या दोन आलेखांत, सुरुवातीला एक छोटी वर जाणारी रेघ असते, आर म्हणतात तिला, ती दिसली नाही की मशीन हे वाक्य छापतं. ती न दिसण्याचं मला सगळ्यात जास्त आढळणारं कारण म्हणजे छातीवरचे कप वर लागलेले असतात.

ते दोन कप चौथ्या आणि पाचव्या बरगडीच्या मधल्या जागेत, छातीच्या मधल्या हाडाच्या दोन्ही बाजूंना लावायचे असतात. गळ्याखालच्या खळग्यातून बोट खाली सरकवत आणलं की हाडावर एक उंचवटा लागतो, तिथे दुसरी बरगडी, आणि तिथून खाली मोजत जायचं. गर्दीच्या वेळी कोण मोजत बसतंय, शर्टाची वरची बटणं काढली की तिथेच चिकटवतात. कप वर गेले की व्ही२ मधली पी लहर, म्हणजे मोठ्या टोकाच्या आधीचा तो छोटा उंचवटा, बऱ्याचदा उलटी दिसते. तुमच्या डॉक्टरांना तेवढं बघायला सांगा आणि कप नीट लावून परत एक ईसीजी काढून घ्या. तरी तसंच आलं तर मात्र इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायचा. बाबांना शुगर असेल तर आधीच करा, शुगरवाल्यांना न दुखताही अटॅक येऊन जातो, हे खरं आहे. इकोत सेप्टमची, म्हणजे हृदयाच्या डाव्या-उजव्या कप्प्यांमधली, भिंत नीट हलत असेल तर मोठा जुना अटॅक असण्याची शक्यता फार कमी.

प्रश्न (खानापूर): मुलगी २४ वर्षांची, धडधडतंय म्हणून ईसीजी काढला. पल्स १००, क्यूटी ३६०, क्यूटीसी ४६५ आणि खाली 'प्रोलॉन्ग्ड क्यूटी'. नेटवर वाचलं तर अचानक मृत्यू वगैरे लिहिलंय, आम्हाला रात्री झोप लागंना झालीय.

नेट बंद करा आणि हे आकडे आपण मिळून बघू या. क्यूटी म्हणजे खालचे कप्पे आकुंचन पावून परत पुढच्या ठोक्याला तयार व्हायला लागणारा वेळ, मिलिसेकंदात. पल्स वाढली की तो आपोआप कमी होतो, म्हणून वेगवेगळ्या पल्सचे आकडे एका मापात आणायला मशीन त्यावर हिशोब करतं आणि तो क्यूटीसी. बहुतेक मशीन बॅझेटचा फॉर्म्युला वापरतात, दोन ठोक्यांमधल्या सेकंदांचं वर्गमूळ काढून त्याने क्यूटीला भागायचं. पल्स १०० म्हणजे दोन ठोक्यांत ०.६ सेकंद, त्याचं वर्गमूळ साधारण ०.७७५, आणि ३६० ला त्याने भागलं की ४६५. म्हणजे मशीनची बेरीज-वजाबाकी चुकलेली नाही.

पण हा फॉर्म्युला पल्स जलद असली की आकडा फुगवतो, तो त्याचा जुना दोष आहे. दुसरा फ्रिडेरिशियाचा फॉर्म्युला आहे, त्यात वर्गमूळाऐवजी घनमूळ घेतात. ०.६ चं घनमूळ ०.८४३, आणि ३६० भागिले ०.८४३ म्हणजे ४२७. बायकांमध्ये ४६० पर्यंत ठीक धरतात. तोच कागद, तीच मुलगी, फॉर्म्युला बदलला आणि लाँग क्यूटी गायब.

म्हणून मी काय करतो, अशा पोरींना आधी पाणी देऊन दहा-पंधरा मिनिटं झोपवून ठेवतो, जिने चढून आलेली असते, त्यात घाबरलेली, आणि पल्स ७०-७५ वर आली की परत ईसीजी काढतो. मग क्यूटी स्वतः लीड दोनमध्ये किंवा व्ही५ मध्ये मोजतो, कारण मोठ्या टोकानंतरची टी लहर संपते तिथे क्यूटी संपतो, आणि ती कुठे संपते हे मशीनला कधीकधी कळत नाही, तिच्यामागची छोटी यू लहरही ते टीमध्येच धरून टाकतं.

डॉक्टरांकडे जाताना गेल्या दोन आठवड्यांतल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. अॅझिथ्रोमायसिन, उलटीची ऑनडॅन्सेट्रॉन, पित्ताच्या गोळीत मिसळलेलं डॉमपेरिडोन, काही मानसिक आजाराची औषधं, ही क्यूटी वाढवतात, आणि जुलाबाने पोटॅशियम उतरलं की अजून. ती पळताना किंवा दचकून कधी बेशुद्ध पडली असेल, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, किंवा शांत पल्सवरही आकडा ५०० च्या वर आला, तर मात्र वाट न बघता हृदयरोगतज्ज्ञांकडे.

प्रश्न (शहापूर, बेळगाव): आजीच्या उजव्या हाताला कंप आहे. मशीननं 'एट्रियल फिब्रिलेशन' लिहिलंय, आता रक्त पातळ करायची गोळी सुरू करायची म्हणायलेत. खरंच हाय का ते?

असू शकतं, यात हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरतात, पी लहर दिसत नाही आणि ठोके अनियमित पडतात, वयस्कर माणसात हे वारंवार सापडतं. पण हाताच्या कंपाची रेघ कागदावर अशी बारीक थरथरते की मशीनला पी लहरी सापडत नाहीत आणि ते रिदमच वेगळा लिहून मोकळं होतं. हे तुम्हीसुद्धा घरी बघू शकता. लीड एक आणि लीड दोन या दोन्हीत उजवा हात येतो, पण लीड तीन डावा हात आणि डावा पाय यांच्यातलं असतं. म्हणजे फक्त उजवा हात थरथरत असेल तर एक आणि दोन खराब, तीन बऱ्यापैकी स्वच्छ. त्या तीनमध्ये प्रत्येक मोठ्या टोकाआधी एक छोटा उंचवटा दिसतोय का बघा.

दुसरी गोष्ट, खालच्या लांब पट्टीवर कोऱ्या कागदाची कड धरून तीन-चार टोकांच्या खुणा करा आणि तो कागद पुढे सरकवत न्या. खुणा टोकांवर बसत गेल्या तर ठोके नियमित आहेत आणि मशीनच्या त्या वाक्यावर शंका घ्यायला जागा आहे. बसत नसतील तर मशीनचं बरोबर असण्याची शक्यता जास्त. दोन्ही वेळेला गोळीचा निर्णय डॉक्टरांचाच, आजीची सुरू झालेली गोळी आपल्या मनानं बंद करू नका, फक्त हात उशीखाली उबदार ठेवून परत एक ईसीजी काढा म्हणून सांगा.

प्रश्न (चिक्कोडी): काल रात्री छातीत भरून आल्यासारखं झालं, ईसीजीत 'नॉर्मल ईसीजी' आलं म्हणून घरी आलो. आज परत तसंच वाटायलंय.

हे वाचताय तोवर १०८ ला फोन लावा. नेहमीचा ईसीजी म्हणजे साधारण दहा सेकंदांचं चित्र, आणि अटॅकच्या सुरुवातीला ते चित्र बरोबर दिसू शकतं. म्हणून दुखतंय तोवर पंधरा ते तीस मिनिटांनी परत परत काढतात आणि रक्तात ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारं प्रथिन, बघतात. 'साइनस रिदम' लिहिलंय याचा अर्थ ठोका योग्य जागेवरून निघतोय एवढाच, रक्तवाहिनी उघडी आहे असा नाही. मशीन 'नॉर्मल' म्हणालं आणि छाती दुखतेय, तर मी छातीचं ऐकतो. कालचा कागद बरोबर घेऊन जा, दोन ईसीजीतला फरक हा एकेकट्यापेक्षा खूप काही सांगतो.

प्रश्न (हुक्केरी): पाच वर्षांपूर्वीचा ईसीजी कपाटात होता, पूर्ण पांढरा पडलाय. काही करता येईल?

नाही, थर्मल कागदाचं गेलं ते गेलं. पुढचा काढला की त्याच दिवशी फोटो काढा, वरचे आकडे आणि तारीख दिसेल असा, आणि झेरॉक्सही घ्या.