पार्किन्सनच्या पेशंटची सकाळची गोळी

अगं, लेवोडोपा वॉर्डच्या राऊंडप्रमाणे नाही, पेशंट घरी ज्या टायमाला घेतो त्याच टायमाला द्यायची, ॲडमिशनलाच घरच्यांकडून वेळा लिहून घे. समजा आजोबांचा डोस सहाचा आणि तू दिलास आठला, तर तोपर्यंत अंग कडक, पाय जमिनीला चिकटलेले, आणि तसेच बाथरूमला उठले की पडायचेच. गोळीनंतर अर्धा-पाऊण तासाने अंग मोकळं झालं की मगच चालव, तोवर लागलं तर युरिनल दे. उठवताना आधी पलंगाच्या कडेला बसव, उभं केल्यावर बीपी पडतं का बघ. पाय अडकला तर हात धरून ओढू नकोस गं, थांबव, वजन एका पायावरून दुसऱ्यावर घ्यायला लाव, मग मोठं पाऊल. आणि उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइड लिहिलं असेल तर देण्याआधी डॉक्टरांना विचारच, त्याने कडकपणा वाढतो.