लॅबचा 'पास' आणि ड्रॉइंगवरचं ५००डी

प्रश्न: निपाणीत घर बांधतोय, ड्रॉइंगवर सळीचा ग्रेड एफई ५००डी लिहिलाय. डीलरनं मिलचं सर्टिफिकेट दिलंय, १६ एमएम सळीचा लॅब रिपोर्टपण आलाय, प्रूफ स्ट्रेस ५६२, अल्टिमेट ६०८, इलाँगेशन १५ टक्के. लॅबनं पास लिहिलंय. आता स्लॅब ओतू का?

थांबा, ओतू नका. आधी रिपोर्टच्या वरच्या भागात ग्रेड काय लिहिलाय ते बघा. लॅबवाले तुमच्या पत्रात जो ग्रेड असतो त्याच्याशीच आकडे ताडून बघतात, आणि कंत्राटदारानं पत्रात नुसतं एफई ५०० लिहून सळ्या पाठवल्या असतील तर पास येणारच, त्यात लॅबची काही चूक नाही.

सळ्यांच्या भारतीय मानकात, आयएस १७८६ मध्ये, ५००डी ला अल्टिमेट, म्हणजे तुटायच्या आधी सळी सोसते तो सगळ्यात मोठा ताण, किमान ५६५ लागतं, तुमचं ६०८ आहे म्हणून बरं वाटतं, पण खरी अट पुढंच आहे बघा, अल्टिमेट हे त्याच सळीच्या प्रत्यक्ष प्रूफ स्ट्रेसपेक्षा, म्हणजे सळी कायमची ताणली जायला लागते त्या ताणापेक्षा, किमान १० टक्के जास्त पाहिजे, ५०० पेक्षा नव्हे. ५६२ ला १.१० नं गुणलं की ६१८ येतात, म्हणजे तुमची सळी १० नं कमी पडली. इलाँगेशन, म्हणजे तुटेपर्यंत सळी किती टक्के लांबते ते, १६ लागतं, तिथं १५. साध्या एफई ५०० ला ८ टक्के जास्त म्हणजे ६०७ आणि इलाँगेशन १२ पुरतं, म्हणून त्यात जेमतेम बसली. प्रूफ स्ट्रेस मोठा दिसला की लोक खूश होतात, पण डी मध्ये आपण पैसे देतो ते ताणायच्या क्षमतेचे, भूकंपात सळी एकदम तुटू नये म्हणून.

आता मिलचं सर्टिफिकेट. त्यावरचे आकडे बहुतेक छानच असतील, ते नंतर. आधी त्यातला हीट नंबर, म्हणजे पोलाद ज्या खेपेत वितळवलं तिचा नंबर, बंडलला लावलेल्या टॅगवर आहे का ते बघा, आणि डायमीटरपण तोच पाहिजे. बेळगावकडं डीलरकडं जालन्याचाही माल येतो, बळ्ळारीकडचाही, आणि काही सबडीलर एकच झेरॉक्स गिऱ्हाइकाला देत बसतात, त्यामुळं १२ एमएमचं सर्टिफिकेट १६ च्या मालाबरोबर आलेलं मी स्वतः बघितलंय. टॅग फेकून दिला असेल तर ते सर्टिफिकेट तुमच्याच मालाचं आहे हे कुणी सिद्ध करू शकत नाही. सळीवर उमटवलेल्या खुणेवरून ब्रँड आणि ग्रेड कळतो, हीट नाही.

हीट जुळली तर त्याच लॉटमधून अजून २ नमुने काढून, पत्रात स्पष्ट ५००डी लिहून परत पाठवा. तुमच्यात २ गोष्टी कमी पडल्यात, टेन्साइल आणि इलाँगेशन, म्हणून दोन्हीत दोन्ही नमुने पास झाले तरच लॉट घ्यायचा, एकपण नापास झाला तर माल परत. नमुने कापताना तुमचा माणूस उभा असू दे, आणि हीट जुळलीच नाही तर डीलरला सांगा, बाबा टॅगसकट माल आण. तोपर्यंत त्या सळ्या वेगळ्या रचून वर रंगाची खूण करून ठेवा, नाहीतर बारबेंडर सकाळी येऊन त्याच कापून टाकेल.